घरदुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज: दुसऱ्यांदा लिहिताना

आमचा फ्लॅट पुण्यातल्या एका चार मजली सहकारी गृहरचना संस्थेत दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारत 1994 साली बांधलेली आहे, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आमच्याकडे संडास आणि बाथरूम शेजारी शेजारी पण स्वतंत्र होते. दोन्हींच्या मध्ये साडेचार इंची विटांची भिंत आणि वर पाण्याची टाकी ठेवलेला सिमेंटचा माळा. सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना वॉकर लागू लागला, आणि अडीच फुटी दारातून वॉकर घेऊन आत वळणे त्यांना अशक्य झाले. त्यामुळे मधली भिंत काढून दोन्ही खोल्यांची मिळून एक मोठी न्हाणी करायची, भारतीय पद्धतीच्या भांड्याच्या जागी कमोड बसवायचा आणि त्याच वेळी हॉल व बेडरूममधल्या जुन्या, घसरड्या झालेल्या फरशीवर नवी, खडबडीत पृष्ठभागाची फरशी बसवून घ्यायची, असे आम्ही ठरवले.

संस्थेच्या उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये कोणतीही वाढ किंवा फेरबदल करण्यापूर्वी व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि त्यासाठी आवश्यक त्या सर्व तपशिलांसह सचिवांकडे अर्ज द्यावा लागतो. हे मला ठाऊक होते. ‘आवश्यक ते सर्व तपशील’ म्हणजे नेमके काय, याचा मात्र मी त्या वेळी विचार केलेला नव्हता. 18 नोव्हेंबरला मी जो अर्ज दिला, तो पाच ओळींचा होता. त्याचा गाभा असा होता: ‘आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमची व फरशीची दुरुस्ती आणि नूतनीकरणाचे काम करावयाचे असून ते साधारण एक महिना चालेल. तरी परवानगी मिळावी ही विनंती.’ खाली माझी सही आणि ठेकेदाराचा मोबाइल क्रमांक.

पाच दिवसांनी तो अर्ज परत आला. सचिव आमच्याच मजल्यावर राहतात आणि आमचे चांगले संबंध आहेत, म्हणून त्यांनी घरी येऊन बोलून दाखवले. ते म्हणाले, “वहिनी, काम करू नका असं कोणीच म्हणत नाही. पण उद्या खालच्या काकूंच्या छताला ओल आली, तर या कागदावरून मला एवढंही सांगता येणार नाही की तुम्ही नळ बदललात की आख्खा स्लॅब उकरलात.” त्यांनी अर्जाच्या मागे पेन्सिलीने चार प्रश्न लिहून दिले होते. अर्जदार सभासद आहे का? कोणत्या भिंतीला हात लागणार आहे, आणि ती भाराची नाही हे कोणी तपासले आहे? आवाजाचे काम किती दिवस आणि एकूण काम किती दिवस? घरात प्रत्यक्ष कोण माणसे येणार आहेत?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, पण ते माझ्या लक्षात आले नव्हते. आमच्या भागदाखल्यावर पहिले नाव सासूबाईंचे आणि दुसरे माझ्या यजमानांचे आहे. घराचा सगळा कारभार मी पाहत असले तरी संस्थेच्या दृष्टीने मी सभासद नाही, आणि सभासद नसलेल्या व्यक्तीने दिलेले हमीपत्र संस्थेच्या काहीच उपयोगाचे नसते. नुकसान झाले तर संस्था ते ज्याच्याकडून भरून घेऊ शकते, त्यानेच हमी द्यायला हवी. दुसऱ्या अर्जावर म्हणून सासूबाईंची आणि यजमानांची अशा दोघांच्या सह्या केल्या, आणि पत्रव्यवहारासाठी माझे नाव व क्रमांक वेगळा दिला.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र आमच्या कामाचा आराखडाच बदलला. ठेकेदाराने भिंत पाहून, टिचकी मारून, ‘साडेचार इंची आहे, एका दिवसात पडेल’ असे सांगितले होते आणि आम्ही तेच खरे धरले होते. सचिवांच्या आग्रहामुळे आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना शुल्क देऊन घरी बोलावले. त्यांनी आधी इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत मागितली, ती संस्थेच्या कार्यालयातून मिळाली. नकाशात कॉलम काळ्या चौकोनांनी भरून दाखवलेले असतात. त्यावरून आमच्या त्या भिंतीच्या कोणत्याही टोकाला कॉलम नाही हे कळले. मग त्यांनी भिंतीच्या वरच्या भागात, टाइल जिथे संपते तिथे, तळहाताएवढ्या जागेतला गिलावा छिन्नीने काढायला लावला. आत वीट आणि सांधा दिसला. काँक्रीट दिसले असते तर तिथेच थांबायचे होते. भिंतीच्या माथ्याशीही त्यांनी तसेच केले, कारण भिंतीच्या वर बीम असेल आणि तो भिंतीइतक्याच जाडीचा असेल, तर गिलाव्याखाली तो वेगळा दिसत नाही, आणि मजूर भिंत पाडता पाडता त्यालाही घाव घालत राहतात. तिथे बीम नव्हता.

पण जी गोष्ट ठेकेदाराला दिसली नव्हती ती त्यांना पाच मिनिटांत दिसली. संडासावरचा माळा हा तीन इंच जाडीचा सिमेंटचा स्लॅब होता आणि त्याची एक बाजू याच मधल्या भिंतीवर टेकलेली होती. त्यावर पाचशे लिटरची टाकी, म्हणजे भरलेली असताना अर्धा टन वजन. भिंत ‘भाराची नाही’ हे इमारतीपुरते खरे होते. माळ्यापुरती ती भाराचीच होती. ठेकेदाराने सांगितलेल्या क्रमाने भिंत खालून पाडायला सुरुवात केली असती, तर माळा आणि टाकी खाली काम करणाऱ्या माणसावर आली असती. इंजिनिअरांनी क्रम लिहून दिला: आधी टाकी रिकामी करून काढायची, मग माळ्याला खालून टेकू देऊन तो वरून तुकड्या-तुकड्यांनी काढायचा, आणि त्यानंतरच भिंत, तीही वरून खाली, एकेक थर. यंत्राचा ब्रेकर वापरायचा नाही, हातोडी-छिन्नीच वापरायची, कारण ब्रेकरचा हादरा तीस वर्षांच्या जुन्या स्लॅबला आणि खालच्या घराच्या छताच्या गिलाव्याला बसतो. हा क्रम मी अर्जात जसाच्या तसा उतरवला आणि त्यांचे सही-शिक्क्याचे पत्र सोबत जोडले.

कामाची व्याप्ती कशी लिहावी हे मला त्या पत्रावरून कळले. त्यात काय करायचे याच्याइतकेच काय करायचे नाही हेही स्पष्ट लिहिलेले होते. मी अर्जात खोलीवार परिच्छेद केले आणि प्रत्येक परिच्छेदाचा शेवट ‘या कामात पुढील गोष्टींना हात लावला जाणार नाही’ अशा वाक्याने केला. न्हाणीबद्दलचा परिच्छेद साधारण असा होता: ‘संडास व बाथरूम यांमधील साडेचार इंची विटांची भिंत, लांबी चार फूट, आणि संडासावरील माळा काढण्यात येईल. दोन्ही खोल्यांच्या खालचा स्लॅब मूळ बांधणीतच एक फूट खोल असून त्यातील विटांच्या तुकड्यांचा भराव काढून जलरोधक लेप नव्याने देण्यात येईल. कमोड सध्याच्या भांड्याच्याच जागी राहील. सांडपाण्याची व मैल्याची नळी डक्टमधील सध्याच्या उभ्या नळीलाच, सध्याच्याच ठिकाणी जोडली जाईल. कॉलम, बीम, स्लॅब, बाहेरील भिंत आणि डक्टमधील सामाईक नळ्या यांस हात लावला जाणार नाही.’

‘सध्याच्याच जागी’ हे शब्द लिहिण्याआधी घरात बरीच चर्चा झाली होती. आमची मूळ इच्छा बाथरूमबाहेरच्या बोळात बेसिन हलवण्याची होती. पण त्या बोळाच्या बरोबर खाली काकूंची झोपायची खोली येते, आणि तिथला स्लॅब खोल नाही. म्हणजे बेसिनची नळी एकतर फरशी उंच करून तिच्याखालून न्यावी लागली असती, किंवा भिंतीतून आडवी. दोन्ही बाबतीत, उद्या सांधा गळला तर पाणी काकूंच्या पलंगावर. ओलसर जागेखाली ओलसर जागा असते तेव्हा गळतीचा त्रास तरी मर्यादित राहतो. कोरड्या खोलीच्या डोक्यावर पाण्याची नवी नळी नेण्याचा हक्क, माझ्या मते, परवानगी मिळाली तरी कोणी वापरू नये. बेसिन न्हाणीतच ठेवले. बाल्कनी बंद करून तिथे कपडे धुण्याचे यंत्र ठेवावे, असेही यजमानांच्या मनात होते. परंतु बाल्कनी बंदिस्त करणे हा महापालिकेच्या मंजुरीचा विषय आहे आणि संस्थेच्या होकाराने ती उणीव भरून निघत नाही, हे इंजिनिअरांनी स्पष्ट केल्यावर तो विचार सोडून दिला.

फरशीच्या बाबतीत प्रश्न वजनाचा होता. जुनी फरशी न काढता तिच्यावर नवी बसवली की राडारोडा कमी होतो, आवाज कमी होतो, म्हणून बहुतेक लोक तेच करतात. पण ती कशावर बसवणार, यावर सगळे अवलंबून आहे. नेहमीप्रमाणे दोन इंच सिमेंट-वाळूच्या मालावर बसवली, तर माल आणि फरशी मिळून दर चौरस मीटरला साधारण सव्वाशे किलो वजन नव्याने येते. आमच्या हॉल व बेडरूमचे मिळून 420 चौरस फूट, म्हणजे 39 चौरस मीटर. त्यावर जवळपास पाच टन. घरगुती स्लॅबचा आराखडा करताना माणसे आणि सामान यांच्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो धरलेले असतात, तेव्हा त्यांतले निम्म्याहून अधिक आपण कायमचे फरशीलाच देऊन टाकतो. तीच फरशी टाइल चिकटवण्याच्या रसायनाच्या पाच मिलिमीटर थरावर बसवली, तर वजन दर चौरस मीटरला तीस किलोंच्या आत राहते, म्हणजे एकूण एक टनाच्या थोडे वर. अर्जात आम्ही ‘चिकट रसायनावर, मालावर नाही’ असे लिहिले आणि जाडीही लिहिली. त्याआधी सगळी जुनी फरशी लाकडी दांड्याने ठोकून पाहिली. जिथे पोकळ आवाज आला अशा अकरा फरशा निघाल्या, त्या काढून तेवढ्याच जागी माल भरायचा होता, कारण सुट्या फरशीवर चिकटवलेली नवी फरशीही काही महिन्यांत सुटते.

मुदतीबद्दल ठेकेदार तीस दिवस म्हणत होता. मी त्याच्यासमोर बसून एकेक काम आणि त्याचे दिवस कागदावर मांडले, तेव्हा हे तीस दिवस म्हणजे फक्त हात चालण्याचे दिवस आहेत हे दिसले. गिलाव्याला पाणी मारण्याचे दिवस त्यात नव्हते. जलरोधक लेपाचे तीन हात, प्रत्येक हात वाळण्याचा वेळ, आणि नंतर पाणी भरून ठेवण्याची चाचणी यांतले काहीच त्यात नव्हते. लोकांकडे जी गळती होते तिचे एक मोठे कारण हेच आहे, असे मला वाटते: मुदत कमी सांगितलेली असते, समितीचा तगादा सुरू होतो, आणि मग ज्या दिवसांत कोणी काम करताना दिसत नाही तेच दिवस पहिल्यांदा कापले जातात. आम्ही 26 डिसेंबरपासून साठ दिवस मागितले: पन्नास दिवस कामाचे आणि दहा दिवस राखीव. ते राखीव आहेत हेही लिहिले. त्यात तोडफोड, भिंतीत झिऱ्या पाडणे आणि ड्रिल असे आवाजाचे काम पहिल्या वीस दिवसांतच, म्हणजे 14 जानेवारीपर्यंत, सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा या वेळातच होईल, रविवारी होणार नाही, असे वेगळे वाक्य घातले. आमच्या इमारतीत त्या वर्षी बारावीची दोन मुले होती, आणि फेब्रुवारीत त्यांची परीक्षा. समितीच्या बैठकीत या एका वाक्यावर सर्वांत कमी चर्चा झाली, असे सचिवांनी नंतर सांगितले.

ठेकेदाराचा तपशील देताना मी आधी त्याचे नाव, पत्ता, फोन आणि ओळखपत्राची प्रत एवढेच जोडणार होते. सचिवांनी विचारले, “पाण्याच्या नळ्या हाच जोडणार आहे का?” अर्थातच नाही. ठेकेदार काम घेतो; प्रत्यक्षात तोडफोडीचे मजूर वेगळे, प्लंबर वेगळा, टाइलचा मिस्त्री वेगळा, वीजकामाचा माणूस वेगळा, आणि प्रत्येकाबरोबर एक-दोन हाताखालचे. अशी एकूण नऊ नावे झाली. प्रत्येकाचे काम, फोन आणि ओळखपत्राची प्रत यांचा एक तक्ता केला. वीजकाम परवानाधारक माणसाकडूनच होणार असल्याने त्याच्या परवान्याची प्रत घेतली. कामगारांच्या अपघाताचा विमा आहे का, हे ठेकेदाराला विचारले, तेव्हा तो आधी टाळाटाळ करू लागला. माळा उतरवण्याचे काम आहे हे पाहता विम्याशिवाय काम देणार नाही असे यजमानांनी ठामपणे सांगितल्यावर त्याने या कामाच्या मुदतीपुरती पॉलिसी काढली आणि तिची प्रत दिली. रात्री कोणीही फ्लॅटमध्ये मुक्काम करणार नाही, हेही लिहिले. पुढे मधेच प्लंबर बदलला, तेव्हा त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र देऊन तक्त्यातले नाव बदलून घेतले, त्यामुळे दरवानाने नव्या माणसाला फाटकावर अडवले नाही.

राडारोड्याचा अंदाजही सोबत दिला. भिंत, माळा आणि खोल स्लॅबमधला भराव मिळून अडीच टनांच्या आसपास माल निघणार होता, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत पंचवीस किलोप्रमाणे भरला तर शंभर गोण्या. आमच्या लिफ्टची क्षमता सहा माणसांची, चारशे आठ किलो. गोण्या लिफ्टने न नेता जिन्याने उतरवायच्या, जिन्याच्या पायऱ्यांवर जुनी पोती अंथरायची, आणि आवारात एका वेळी वीसपेक्षा जास्त गोण्या ठेवायच्या नाहीत, असे ठरले. महापालिकेच्या राडारोडा संकलनाच्या ठिकाणी गाडी नेईल आणि पावती संस्थेला देऊ, असेही लिहून दिले.

6 डिसेंबरला दुसरा अर्ज दिला. तो चार पानांचा होता, आणि सोबत इंजिनिअरांचे पत्र, हाताने काढलेला न्हाणीचा नकाशा, कामगारांचा तक्ता आणि हमीपत्र. दुसऱ्या प्रतीवर सचिवांची तारखेसह पोच घेतली. समितीची बैठक आठवडाभराने झाली आणि 16 तारखेला लेखी परवानगी हातात आली. तिच्यात सर्वसाधारण सभेच्या जुन्या ठरावाप्रमाणे पंचवीस हजार रुपयांची परत मिळणारी अनामत, आणि एक अट होती: काम सुरू होण्यापूर्वी खालच्या फ्लॅटची संयुक्त पाहणी आणि जलरोधक लेपानंतर किमान 48 तास पाणी भरून चाचणी. ही अट मी अर्जात स्वतःहून लिहायला हवी होती.

संयुक्त पाहणीला सचिव, काकू आणि मी असे तिघे होतो. काकूंच्या बाथरूमच्या छताचे आणि भिंतींचे फोटो काढले. डक्टच्या बाजूच्या कोपऱ्यात वीतभर लांबीचा एक पिवळट डाग होता. काकू म्हणाल्या, “तो बरीच वर्षं आहे गं, पावसाळ्यात थोडा वाढतो.” सचिवांनी त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढली आणि बाजूला तारीख लिहिली. तिघांनी एका कागदावर सह्या केल्या.

तोडफोड ठरल्याप्रमाणे झाली. भराव काढल्यावर खालचा स्लॅब उघडा पडला, तो धुऊन, कोपऱ्यांना गोलाई देऊन, नवीन नळ्या बसवून त्यावर लेपाचे तीन हात झाले. 17 जानेवारीला सकाळी चाचणी सुरू केली. स्लॅबचा तो खड्डा एक फूट खोल असला तरी इंजिनिअरांनी सहा इंचांपर्यंतच, म्हणजे 15 सेंटिमीटरपर्यंतच पाणी भरायला सांगितले होते, कारण एवढ्या पाण्याचेच वजन दर चौरस मीटरला दीडशे किलो होते. नळीची भिंतीतून बाहेर जाण्याची जागा पाण्याखाली आली पाहिजे, एवढे पुरेसे होते. नळ्यांची तोंडे रबरी बुचांनी बंद केली. भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने आडवी रेघ ओढली. शेजारी एका बादलीत पाणी भरून त्यावरही तशीच रेघ केली. ही बादलीची युक्ती आमच्या टाइल मिस्त्रीची. हवेत उडून जाणारे पाणी बादलीतूनही तेवढेच उडते. बादलीतले जितके खाली गेले त्याहून जास्त खड्ड्यातले गेले, तर तेवढे पाणी कुठेतरी झिरपते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतले पाणी जेमतेम दोन मिलिमीटर उतरले होते आणि खड्ड्यातले चार सेंटिमीटर. दुपारी काकूंचा फोन आला की डागाच्या कोपऱ्यात थेंब जमले आहेत. मी आणि सचिव खाली गेलो. ओल पेन्सिलीच्या रेघेच्या दोन बोटे बाहेर आली होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, पण वाद झाला नाही, कारण वाद घालण्यासारखे काही उरलेलेच नव्हते: आधीचा डाग किती होता ते कागदावर होते आणि नवी ओल कुठून आली हेही सगळ्यांना दिसत होते. खड्ड्यातले पाणी तसेच राहू दिले आणि खाली काकूंकडे बादली लावली. असे का, हे इंजिनिअरांनी फोनवर सांगितले: पाणी कोणत्या उंचीला येऊन थांबते ते पाहा. तळात भेग असेल तर ते संपेपर्यंत उतरत राहील. मध्येच थांबले तर गळती त्या उंचीवर आहे.

ते नऊ सेंटिमीटरवर येऊन थांबले. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलले नाही. नऊ सेंटिमीटर ही बरोबर त्या जागेच्या खालच्या कडेची उंची होती, जिथून सांडपाण्याची नवी नळी भिंतीतून डक्टमध्ये जात होती. प्लंबरने भोक नळीपेक्षा मोठे पाडून भोवतीची फट साध्या सिमेंटने बुजवली होती. सिमेंट वाळताना आकसले आणि नळीभोवती नखाएवढी फट राहिली. वरून लेप दिला असला तरी गुळगुळीत नळीवर तो धरत नाही. पाणी काढून, ती जागा खोदून, नळीचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून, न आकसणाऱ्या ग्राउटने फट भरली आणि नळीभोवती जाळी घालून लेपाची कॉलर केली. हे काम एका दिवसाचे. वाळायला आणि पुन्हा तीन हात द्यायला मिळून आठ दिवस गेले. दुसऱ्या चाचणीत 48 तासांत खड्ड्यातले आणि बादलीतले पाणी सारखेच, सुमारे चार मिलिमीटर उतरले. काकूंचा कोपरा कोरडा राहिला. हे आठ दिवस राखीव दहांतून गेले, म्हणून मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागला नाही. चाचणी न करता भराव आणि फरशी वर चढली असती, तर ही फट पावसाळ्यात कळली असती, आणि ती शोधायला कमोड व फरशी सगळे पुन्हा उकरावे लागले असते.

काकूंच्या छताचा कोपरा आणि जुन्या डागाची बाजू आम्ही आमच्या खर्चाने गिलावा करून, रंगवून दिली. जुना डाग आमच्या कामाचा नव्हता, असे म्हणता आले असते; पण तो त्याच नळीच्या जुन्या जोडातून आलेला असणार, हे भराव काढल्यावर दिसले होते.

22 फेब्रुवारीला काम संपल्याचे पत्र संस्थेला दिले. सोबत राडारोड्याच्या पावत्या, दोन्ही चाचण्यांच्या नोंदी आणि एक नकाशा जोडला. हा नकाशा अर्जातला नव्हता. नळ्या प्रत्यक्षात कुठून गेल्या आहेत, भिंतीपासून किती इंचांवर, फरशीखाली किती खोल, वीजेची पट्टी कुठून वर गेली आहे, हे फोटोंवरून मोजून नव्याने काढलेला होता. समितीच्या दोन सदस्यांनी येऊन पाहणी केली, मार्चच्या बैठकीत अनामत परत करण्याचा निर्णय झाला आणि धनादेश मिळाला. नकाशाची एक प्रत संस्थेतल्या आमच्या फ्लॅटच्या फाइलमध्ये आहे. दुसरी मी काकूंना दिली; ती त्यांनी त्यांच्या घराच्या करारनाम्याच्या पिशवीत ठेवली आहे.